आधी तिला डॉक्टर होऊ द्या

"ताई, माझी मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ताप उतरेना म्हणून तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. सलाईनची सुई लावताना तिघांनी तिला धरून ठेवले होते. तेव्हापासून दवाखान्याची पायरी दिसली तरी ती रडू लागते, घसा तपासायलाही तोंड उघडत नाही. दीड महिन्याने तिचा पाच वर्षांचा बूस्टर आहे. कोणीतरी सुचवले म्हणून मी डॉक्टर सेट आणला आणि 'चल, तुला तपासते' म्हटले, तर तिने तो पलंगाखाली फेकून दिला. हा खेळ नक्की कसा खेळायचा? आणि सेट कोणता घ्यायचा? घरात सव्वा वर्षाचा धाकटाही आहे."
— एक आई, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तो सेट आणखी आठवडाभर पलंगाखालीच राहू द्या. 'चल, तुला तपासते' या तीन शब्दांनी तुमच्या मुलीला पुन्हा तीच जागा मिळाली, जी तिला दवाखान्यात मिळाली होती, म्हणजे पडून राहणाऱ्याची आणि धरून ठेवलेल्याची. आजारी मुलांबरोबर खेळण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि पालकांकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच असते. त्यामागची तळमळ मला समजते. आपल्याला वाटते, घरी चार वेळा तपासून घेतले की दवाखान्यात सवय झालेली असेल. परंतु घाबरलेल्या मुलासाठी ती सवय नसते, ती त्याच प्रसंगाची पुन्हा एक फेरी असते. म्हणून भूमिका उलट्या करा. डॉक्टर ती, आणि पेशंट तुम्ही किंवा बाहुली. तिने स्वतःहून 'आता मला तपास' म्हणेपर्यंत तिला पेशंट करायचे नाही. काही मुले तसे कधीच म्हणत नाहीत, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

सुरुवात डॉक्टरी साहित्याशिवाय करावी. संध्याकाळी खाणेपिणे झाल्यावर, पण झोपेच्या वेळेला चिकटून नव्हे, तिच्या आवडत्या बाहुलीला घेऊन जमिनीवर बसा आणि जुन्या सुती ओढणीची बोटभर रुंद पट्टी बाहुलीच्या पायाला गुंडाळू लागा. तिला बोलावू नका. स्वतःशी बोलल्यासारखे म्हणा, 'हिच्या गुडघ्याला लागलंय, पट्टी नीट बसतच नाहीये.' मग थांबा. हे थांबणे कठीण असते, पण खेळाची दोरी तिच्या हातात जाते ती याच क्षणी. ती जवळ आली तर पट्टी तिच्या हातात द्या. आली नाही तर पाच-सात मिनिटांनी बाहुलीला झोपवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. या आठवड्यात बूस्टरचा विषय काढायचा नाही, कारण पावणेपाच वर्षांच्या मुलाला दीड महिना हे अंतर उमगत नाही, त्याला फक्त काहीतरी वाईट येणार आहे एवढेच समजते.

दुसऱ्या आठवड्यात स्टेथोस्कोप आणावा, आणि तो शक्यतो खरा असावा. खेळण्यातल्या बहुतेक स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येत नाही, आणि मुलाला ते लगेच कळते. शस्त्रक्रियेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात किंवा औषधांच्या मोठ्या दुकानात साधा स्टेथोस्कोप फार महाग नसतो. तो लावताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते: कानातल्या बोंडांची टोके किंचित पुढे, नाकाच्या दिशेने वळलेली असली पाहिजेत. उलटा लावला तर आवाज अगदी मंद होतो आणि मूल वैतागून तो बाजूला ठेवते. तिच्या कानात तो लावून दिल्यावर चकती तुमच्या छातीवर, मधल्या हाडाच्या जरा डावीकडे, कपड्याखाली टेकवा आणि तिला हळूहळू हलवू द्या. 'धडधड' सापडली की तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते. डोळे मोठे होतात आणि ती आपसूक कुजबुजत्या आवाजात बोलू लागते. मग तुम्ही जागच्या जागी वीस उड्या मारा आणि पुन्हा ऐकायला सांगा. धडधड वेगवान झालेली असते, आणि ती का झाली हे विचारण्यातून तिच्या लक्षात येते की हे यंत्र शरीराला काहीही करत नाही, ते नुसते ऐकते. एवढी एक गोष्ट तिला स्वतःच्या कानांनी समजली की दवाखान्यातल्या तपासणीचा अर्धा भाग तिच्यासाठी निरुपद्रवी होतो. एक काळजी मात्र घ्या. नळी कानात असताना कोणी चकतीवर टिचकी मारू नये किंवा तिच्यात ओरडू नये, आणि खेळ संपल्यावर नळी गळ्यात घालून तिला हिंडू किंवा झोपू देऊ नये.

घसा तपासण्याचे दुखणे वेगळे आहे. तिथे मुलाला भीती वाटते ती चपट्या काडीची, कारण ती जिभेच्या मागच्या भागाला लागली की उमासा येतो. म्हणून तिच्या हातात टॉर्च द्या आणि तिला तुमच्या तोंडात पाहू द्या. तुम्ही 'आऽऽ' म्हणा, तिला पडजीभ दाखवा आणि दात मोजायला लावा. मग 'आऽऽ' म्हटल्यावर जीभ आपोआप खाली बसते आणि काडी लागतच नाही, हा शोध तिला लावू द्या. आरशासमोर ती स्वतःच्याच घशात टॉर्च टाकून पाहू लागली, तर दवाखान्यात डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की काडी न वापरता एकदा पाहावे. बरेच डॉक्टर हे आनंदाने करतात.

आता इंजेक्शन. पहिले दोन आठवडे खेळात ते आणू नका. तिने स्वतः आणले तर अडवू नका. तिसऱ्या आठवड्यात औषधाच्या दुकानातून 5 मिलीची, सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. घरात आधी वापरलेली सिरिंज किंवा झाकण लावलेली सुई, यांपैकी काहीही खेळात येता कामा नये. ही सिरिंज पहिल्यांदा बादलीजवळ न्या. पाणी ओढणे, कुंडीतल्या रोपाला पाजणे, फरशीवर पाण्याचे ठिपके काढणे, एवढेच दोन दिवस चालू द्या. दांडा मागे ओढला की पाणी आत येते आणि दाबला की जाते, हे हाताला कळले की ती वस्तू तिच्या ताब्यात येते. त्यानंतर बाहुलीला तोंडाने औषध आणि शेवटी बाहुलीच्या दंडाला इंजेक्शन, असा क्रम ठेवा. इंजेक्शनच्या जागी एक ओला ठिपका उमटतो. त्यावर कापसाचा बोळा, मग पट्टी, मग बाहुली कुशीत. दर वेळी खेळ इथपर्यंत गेला पाहिजे. सुई टोचून खेळ तिथेच थांबला, तर तिच्या मनातली गोष्टही तिथेच थांबते.

इथे तुम्हाला एक दृश्य दिसण्याची शक्यता आहे आणि ते पाहून तुम्ही दचकू नये म्हणून ते सविस्तर सांगते. साडेचार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. त्याच्या हाताची शीर सापडत नव्हती म्हणून त्याला बराच वेळ दाबून धरले गेले होते. चौथ्या दिवशी त्याने अस्वलाला उशीखाली दाबले, त्याच्या पोटावर गुडघा ठेवला आणि दात-ओठ खात एकामागून एक इंजेक्शने दिली. 'गप्प बस! हलायचं नाही! झालं म्हटलं ना!' हे शब्द आणि तो सूर त्याचा नव्हता, तो त्याने ऐकलेला होता. त्याची आई पुढे झाली आणि म्हणाली, 'असं नाही करायचं, डॉक्टर असे नसतात.' मी तिला खुणेने थांबवले. त्याचा आवेश ओसरल्यावर मी अस्वलाच्या वतीने एवढेच म्हणाले, 'मला खूप भीती वाटली. मला कोणी विचारलंच नाही.' तो बराच वेळ अस्वलाकडे पाहत राहिला आणि मग खेळात काही नवे घडले नाही. त्या दिवशी एवढेच झाले.

दुसऱ्या दिवशी मी अस्वलाच्या तोंडून एक मागणी केली: 'डॉक्टर, मी आईच्या मांडीवर बसून इंजेक्शन घेऊ का?' त्याने जरा विचार करून परवानगी दिली. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच अस्वलाला विचारले, 'या हाताला देऊ की त्या?' शब्द बदलले, गुडघा उशीवरून खाली आला, आणि पुढच्या आठवड्यात तो अस्वलाला 'मी तीन म्हटल्यावर फुंकर मार' असे शिकवू लागला. मला हवी असलेली गोष्ट मी त्याला समजावून सांगितली नव्हती. पेशंटने फक्त विचारले होते आणि डॉक्टरने ठरवले होते. तुमच्या मुलीने बाहुलीला दाबून धरले, रागाने टोचले, तिच्यावर ओरडली, तर तिला रागावू नका आणि दुरुस्तही करू नका. बाहुलीला बोलू द्या, आणि एका दिवशी एकच मागणी करू द्या.

तुम्ही स्वतः पेशंट व्हाल तेव्हा धीराचा आव आणू नका. 'मला मुळीच भीती वाटत नाही' असे म्हणणाऱ्या आईकडून मूल एवढेच शिकते की आपली भीती लपवायची असते. त्याऐवजी हात थोडा मागे घ्या आणि म्हणा, 'डॉक्टर, मला भीती वाटते. तुम्ही माझा हात धराल का?' ती काय करते ते पाहा. बहुतेक मुले हात धरतात, डोक्यावरून हात फिरवतात, आणि मग तुम्हाला धीर देताना जे शब्द वापरतात ते लक्षात ठेवा; बूस्टरच्या दिवशी तिला धीर द्यायला तेच शब्द उपयोगी पडतील. मोठ्याने रडण्याचा अभिनय मात्र टाळा, तो या वयाला खरा वाटू शकतो.

या काळात घरातल्या सगळ्यांना एक विनंती करा. जेवत नाही, झोपत नाही म्हणून 'डॉक्टरकाकांना सांगते हं, सुई देतील' हे वाक्य आपल्याकडे आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण जे इंजेक्शन शिक्षा म्हणून सांगितले जाते ते खेळात कितीही वेळा दिले तरी शिक्षाच राहते. तुमची महिनाभराची मेहनत या एका वाक्याने मागे जाऊ शकते. तसेच 'दुखणार नाही' असेही सांगू नका, कारण ते दुखतेच. 'टोचेल, चिमटा काढल्यासारखं दुखेल, तू पाचपर्यंत मोजशील तेवढ्यात सुई बाहेर आलेली असेल', असे सांगितले तर निदान तुमच्या शब्दावरचा तिचा विश्वास शाबूत राहतो.

सेटविषयी आता लिहिते. घरात सव्वा वर्षाचा मुलगा असल्यामुळे तुम्हाला निवड मुलीच्या वयावरून नव्हे, त्याच्या वयावरून करावी लागेल. पहिला प्रश्न बटन सेलचा. दिवा लागणारा थर्मामीटर, आवाज करणारा मॉनिटर, कान तपासायचा दिवा यांत हे नाण्यासारखे चपटे सेल असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतो, आणि बाळ सुरुवातीला फक्त लाळ गाळते किंवा खात नाही, एवढेच दिसते. तसा संशय आला तरी उलटी करवण्यात वेळ न घालवता तडक रुग्णालयात न्यावे लागते. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की तुमच्या घरात सेलवर चालणारे काहीही नसलेला सेट घ्यावा. तपासण्यासाठी घरातली नेहमीची टॉर्च तुमच्या हाताखाली वापरावी आणि खेळानंतर वर ठेवावी. दुसरी गोष्ट लहान तुकड्यांची. खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची धरली जाते. घरच्या घरी टिश्यूच्या रिकाम्या रोलची नळी वापरा, ती याहून थोडी रुंद असल्याने चूक सुरक्षिततेच्या बाजूने होते. गोळ्या, सुटी बोंडे, छोट्या बाटल्यांची झाकणे त्यात गेली तर ती सेटमधून काढून टाका.

1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेव्हा खोक्यावर ते आणि त्यासोबतचा परवाना क्रमांक पाहून घ्या. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना यातून सूट आहे. म्हणून लाकडी सेटवर चिन्ह नसले तर तो लगेच नाकारू नका, पण कडांवरून बोट फिरवून कूस लागते का आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर रंग उतरतो का, हे दुकानातच पाहा. प्लास्टिकचा सेट उघडताच रसायनाचा उग्र वास आला तर तो परत करा.

भित्र्या मुलासाठी 'सौम्य' सेट म्हणजे गुलाबी रंगाचा नव्हे, तर गप्प बसणारा. बटण दाबल्यावर रडणारी बाहुली, टोचताच 'टॉक' असा आवाज करून सुई आत जाणारी सिरिंज, हातोडी, करवत, लाल रंगाचे रक्तासारखे पाणी, हे सगळे दुकानात मजेदार दिसते, परंतु आवाज आणि धक्का कधी येणार हे मुलाच्या हातात राहत नाही, आणि तिला नेमके तेच नको आहे. मऊ कापडाचा रक्तदाबाचा पट्टा, टोकदार नसलेला प्लास्टिकचा थर्मामीटर, चपटी लाकडी काडी, कापडी पट्ट्या आणि एखादी कागदाची वही, एवढे भरपूर आहे. वहीला कमी लेखू नका. मुलांना औषध लिहून द्यायला फार आवडते, आणि काही मुलांचा खेळ पहिले चार दिवस केवळ 'सकाळी एक, रात्री एक' लिहिण्यावरच चालतो. पलंगाखालच्या सेटमधले जे या कसोटीत बसेल ते एका साध्या टोपलीत काढा आणि टोपली धाकट्याच्या हाताला न लागेल पण तिला दिसेल अशी ठेवा.

साधारण बूस्टरच्या दहा-बारा दिवस आधी दवाखान्यात एक रिकामी फेरी मारा. गर्दी नसेल अशी वेळ आधी फोन करून विचारा, बाहुलीला घेऊन जा, काट्यावर बाहुलीचे आणि मग तिचे वजन करा, आणि परत या. त्या दिवशी 'इंजेक्शन नाही' असे सांगितले असेल तर खरोखरच ते होता कामा नये, डॉक्टर 'आलीच आहे तर देऊन टाकू' म्हणाले तरीही. इंजेक्शनची खरी बातमी तिला आदल्या दिवशी संध्याकाळी द्या, आणि तिला ठरवता येतील अशाच गोष्टी तिच्यावर सोडा: कोणत्या हाताला, बाहुली कोणत्या बाजूला, पट्टी कोण लावणार. 'घ्यायचं का?' हा प्रश्न विचारू नका, कारण त्याचे 'नाही' हे उत्तर तुम्ही मान्य करणार नाही.

प्रत्यक्ष वेळी तिला टेबलावर आडवे करू नये अशी विनंती डॉक्टरांना करा. तुम्ही खुर्चीत बसा, ती तुमच्या मांडीवर आडव्या अंगाने, तिचा एक हात तुमच्या पाठीमागे, दुसरा दंड मोकळा आणि तिचे पाय तुमच्या मांड्यांच्या मध्ये. ही मिठी आहे आणि पकडही आहे, पण तिला ती मिठी वाटते. हीच बैठक घरी बाहुलीला घेऊन दोन-तीन वेळा करून ठेवा. तिच्या हातात भिरभिरे द्या. 'तीन' म्हटल्यावर लांब फुंकर मारायची आणि त्याच वेळी सुई. लांब फुंकरीत दंडाचे स्नायू सैल पडतात आणि लक्षही भिरभिऱ्यावर जाते. त्वचा बधिर करणारे मलम हवे असेल तर ते सुमारे तासभर आधी लावावे लागते, त्यामुळे ते चालेल का आणि कुठे लावायचे हे डॉक्टरांना आधीच्या फेरीतच विचारून घ्या.

ती रडेल. खेळाने रडणे थांबत नाही, आणि तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पाहायचे ते हे की रडे किती वेळात ओसरते, दवाखान्याबाहेर पडेपर्यंत ती बोलू लागते का आणि पट्टी स्वतः दाखवते का. मात्र महिनाभर खेळूनही रोज तीच एक मारझोड जशीच्या तशी चालू राहिली, खेळानंतर ती शांत होण्याऐवजी अधिक बिथरली, किंवा रात्री दचकून उठणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, तर खेळ थांबवा आणि बालमानसतज्ज्ञांना भेटा. त्या मुलांना घरच्या खेळापेक्षा अधिक मदत लागते.

बूस्टर झाल्यावर टोपली आवरून ठेवू नका. त्या संध्याकाळी आणि पुढचे काही दिवस ती बाहुलीला बहुधा पुन्हा पुन्हा इंजेक्शन देईल, कदाचित तुम्हालाही. तुमचा दंड पुढे करा, आणि पट्टी तिला हवी तेवढी घट्ट बांधू द्या.